मार्केटरचा ईमेल आलाय? असा वाचा

नव्या कोऱ्या खात्यावरून काल दुपारी फेसबुक-इन्स्टाग्रामवर तुमची जाहिरात सुरू झाली. रात्री झोपण्यापूर्वी तुम्ही फोन पाहिलात, ऑर्डर शून्य. सकाळी दात घासायच्या आधी पाहिलात, तरी शून्य. मग तुम्ही मार्केटरला मेसेज टाकलात, "काही गडबड आहे का?" त्याच्या उत्तरादाखल "आपली काळजी मी समजू शकतो" असा सुरू होणारा लांबलचक ईमेल आता तुमच्यासमोर आहे. असे ईमेल वाचायची एक रीत असते. ती ठाऊक नसली तर माणसाला त्यातलं म्हणणं पटण्याचा धोका असतो.

'समजू शकतो'च्या पुढे 'मात्र' येतो. तिथे थांबायचं. तुम्ही थांबणार नाहीच, तर पुढे साधारण असं दिसेल: "मात्र खातं अगदी नवं आहे. आपली वस्तू कोणत्या प्रकारची माणसं विकत घेतात, याची एकही नोंद यंत्रणेकडे अजून नाही. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या हिशेबाने एका ॲड सेटला, म्हणजे एका ठरावीक प्रेक्षकवर्गासाठी लावलेल्या जाहिरातींच्या गटाला, आठवड्याभरात सुमारे ५० खरेद्या मिळाल्या की जाहिरातीचं वितरण स्थिरावतं. तोवर ऑर्डरी येतील, पण आकडे वर-खाली होत राहतील आणि एक ऑर्डर महागात पडेल." याला लर्निंग फेज म्हणतात. तुम्ही याला सबब म्हणा.

पुढे गणित आहे. ते तर मुळीच वाचू नका, कारण ते तुमच्याच आकड्यांवर बेतलेलं आहे. तुमच्या रोजच्या बजेटात, अंदाजाने, दोन ऑर्डरी बसतात. म्हणजे आठवड्याला चौदा. त्यात तुमच्या आग्रहाखातर ॲड सेट केलेत पाच: तरुण, मध्यमवयीन, फक्त स्त्रिया, फक्त पुरुष आणि 'बाकी सगळे'. चौदा भागिले पाच, म्हणजे एकेकाच्या वाट्याला तीनसुद्धा नाहीत. हव्या होत्या पन्नास. अशा ॲड सेटपुढे काही दिवसांनी Learning limited असा शेरा दिसू लागतो. मार्केटरचं म्हणणं, पाचांचा एकच करू या. तरी चौदाच होतात, हे तोही कबूल करतो. मग बिचारा दोन वाटा सुचवतो. एक, बजेट साडेतीनपट करायचं. (हे वाक्य त्याने नक्कीच तीनदा खोडून लिहिलं असणार.) दुसरी, काही काळ खरेदीऐवजी 'कार्टमध्ये टाकलं' ही घटना लक्ष्य धरायची. एका खरेदीमागे चार जण कार्टमध्ये टाकत असतील, तर आठवड्याच्या छप्पन्न नोंदी होतात आणि यंत्रणेला शिकायला काहीतरी मिळतं. त्यातली खोटही त्याने लिहिली आहे: यंत्रणेला जे मागाल तेच ती शोधून आणते. कार्ट भरणारी माणसं मागितलीत तर कार्ट भरून पसार होणारीच भेटू शकतात, म्हणून खरेद्या बऱ्यापैकी येऊ लागल्या की परत खरेदीवर यायचं.

तुम्ही दोन्ही वाटा नाकारा. पाच ॲड सेट तसेच ठेवा आणि वर सहावा मागा.

आता तुमच्या हातात खरं काय आहे ते सांगतो. एडिटचं बटण. ईमेलमध्ये "किमान आठवडाभर कृपया काही बदलू नये" अशी विनवणी असेल. कारण जाहिरातीचं चित्र बदललं, कुणाला दाखवायची ते बदललं किंवा बजेट एकदम मोठ्या फरकाने हलवलं, की शिकणं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून सोमवारी चित्र बदला, कारण मेहुण्याला निळा रंग आवडत नाही. बुधवारी वयोगट बदला. शुक्रवारी वैतागून बजेट अर्ध्यावर आणा आणि शनिवारी पश्चात्ताप होऊन दुप्पट करा. रविवारी मार्केटरला विचारा, "आठवडा झाला, कुठे आहे तुमचं लर्निंग?" खात्याच्या दृष्टीने आठवडा झालेला नसून एक दिवस झालेला असतो, पण हे सिद्ध करायला त्याला पुन्हा एक ईमेल लिहावा लागेल, आणि 'मात्र'च्या पुढे तर आपण वाचतच नाही.

'कालचा आकडा' हेही एक उत्तम हत्यार आहे. मंगळवारी जाहिरातीवर क्लिक केलेला माणूस शुक्रवारी विकत घेऊ शकतो. मेटाची नेहमीची मोजणी क्लिकनंतर सात दिवसांपर्यंतची खरेदी जाहिरातीच्या नावे धरते, आणि ती मांडते शुक्रवारच्या नव्हे, मंगळवारच्या रकान्यात. त्यामुळे कालचा रकाना आज रिकामा दिसतो आणि पुढच्या आठवड्यात गुपचूप भरलेला सापडतो. तुम्ही तो आजच पाहा, स्क्रीनशॉट काढा आणि लाल गोल करून पाठवा. पुढच्या आठवड्यात तोच रकाना पुन्हा उघडण्याची काही गरज नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. काही प्रश्न चुकूनही विचारू नका, कारण ते रास्त आहेत आणि त्यांच्यापुढे लर्निंग फेजची ढाल चालत नाही. उदाहरणार्थ, "आपण स्वतः एक ऑर्डर करून पाहिली का, आणि ती खात्यात एकदाच नोंदली गेली का?" कधी ती नोंदलीच जात नाही, कधी 'धन्यवाद'चं पान रिफ्रेश केलं की तीच ऑर्डर दुसऱ्यांदा मोजली जाते. मग यंत्रणा पन्नास नोंदींतून शिकते खरी, पण चुकीचं. किंवा, "क्लिक इतके झाले, मग पान उघडलेल्यांचा आकडा त्याच्या निम्माच का?" याचा अर्थ बहुधा पान इतकं सावकाश उघडतं की माणूस वाट न बघता परत फिरतो. किंवा, "दोनशे माणसं पानावर येऊन गेली आणि एकानेही कार्टमध्ये काही टाकलं नाही, हे का?" हा तर फारच वाईट प्रश्न. याचं उत्तर जाहिरात खात्यात सापडण्याची शक्यता कमी असते. किंमत दिसत नसेल, फोटो अंधारे असतील, डिलिव्हरीचा खर्च ऐनवेळी उगवत असेल, किंवा जाहिरातीत एक कबूल केलं आणि पानावर दुसरंच असेल. म्हणजे चर्चा तुमच्या वेबसाइटवर घसरणार, आणि ती तर तुमच्या पुतण्याने बनवली आहे.

ईमेलच्या शेवटी मार्केटरने एक तारीख दिलेली असते: त्या दिवशी बसू, एका ऑर्डरला किती खर्च आला, कार्टपर्यंत किती जण पोचले, तिथून किती गळले ते पाहू आणि पुढे चालवायचं की थांबवायचं ते ठरवू. या एका ओळीवर त्याला नंतर खिंडीत पकडता येईल, म्हणून ती आवर्जून विसरा. मग 'रिप्लाय ऑल' दाबा, भागीदाराला सीसीमध्ये ठेवा आणि एवढंच लिहा: "नोटेड. आजच्या ऑर्डरी किती?"