वर्षाच्या मध्येच फीवाढ : पालकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

«खासगी विनाअनुदानित शाळा आहे, फी कधीही वाढवू शकते. प्रवेशाच्या वेळी ‘वेळोवेळी ठरणारी फी मान्य’ असं आपणच लिहून दिलंय, आता बोलायची सोय नाही. २५ टक्के पालक असल्याशिवाय तक्रारच होत नाही, एकट्याचं पत्र कचऱ्यात जातं. वर मुलावर डूख धरतात ते वेगळंच. गुपचूप भरा.»

यातला २५ टक्क्यांचा भाग खरा आहे, आणि त्या एका खऱ्या गोष्टीच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातं. मी एक वर्ष आमच्या शाळेच्या कार्यकारी समितीत होतो, चिठ्ठीत नाव निघालं म्हणून. फीची फाइल कशी हलते ते तिथे पाहिलं. नंतरच्या वर्षी समितीबाहेर असताना अशाच परिपत्रकावर पत्र द्यायची वेळ माझ्यावर आली. त्यामुळे हे उत्तर.

‘कधीही’ या शब्दापासून सुरुवात करू, कारण सगळी मेख तिथेच आहे. विनाअनुदानित संस्थेला स्वतःची फी ठरवण्याची मोकळीक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने २००२मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात मान्य केलं. संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक उरली तरी चालेल, हेही मान्य केलं. मात्र त्याच निकालात नफेखोरीला आणि कॅपिटेशन फीला, म्हणजे प्रवेशासाठी उकळलेल्या देणगीला, मज्जाव आहे, आणि राज्याने त्यावर नियंत्रण ठेवायला हरकत नाही. महाराष्ट्रात ते नियंत्रण ‘महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११’ या कायद्याने येतं. शाळा कोणत्या बोर्डाची आहे, याने फरक पडत नाही.

हा कायदा फी किती असावी हे सांगत नाही. ती कधी आणि कोणासमोर ठरावी, हे सांगतो. व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव, हिशेबाच्या कागदांसह, ते वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा. या समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष असतात, उपाध्यक्ष पालकांमधून असतो आणि प्रत्येक इयत्तेतून एक शिक्षक व एक पालक असतो. समितीने ३० दिवसांत निर्णय द्यायचा. मंजूर फी नोटीस बोर्डावर लावायची आणि ती दोन शैक्षणिक वर्षं बदलायची नाही. मंजूर फीपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

आता बोटांवर मोजा. शाळा जूनला सुरू होत असेल, तर त्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव आदल्या डिसेंबरपर्यंत समितीपुढे यायला हवा. मग दिवाळीनंतर परिपत्रक काढून ‘दुसऱ्या सत्रापासून’ वाढ करायला या वेळापत्रकात जागाच कुठे आहे? महागाई वाढली, वीजबिल वाढलं, नवे शिक्षक घेतले, ही कारणं खोटी नसतीलही. पण ती पुढच्या प्रस्तावात मांडायची कारणं आहेत.

म्हणूनच बहुतेक पालकांची पत्रं जिथे घसरतात, तिथे तुम्ही घसरू नका. ‘फी फार जास्त आहे’, ‘आम्हाला परवडत नाही’, ‘शेजारची शाळा एवढीच घेते’ असं लिहिलं की शाळेला सोपं उत्तर मिळतं : आमच्या सुविधा बघा. तिथून वाद सुरू होतो आणि तो पालकाला कधीच जिंकता येत नाही, कारण हिशेब त्याच्याकडे नसतात. मंजुरीची तारीख विचारा. तारीख एक तर असते, नाही तर नसते.

माझं प्रकरण असं होतं. मंजूर वार्षिक फी ५४,००० रुपये, चार हप्ते. दोन हप्ते भरून झाले होते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ॲपवर चार ओळींचं परिपत्रक आलं : ‘वाढता खर्च लक्षात घेता तिसऱ्या हप्त्यासोबत डिजिटल व देखभाल शुल्क ४,५०० रुपये भरावे.’ खर्च कसला, याबद्दल अवाक्षर नाही. मंजुरीचा उल्लेख नाही. आणि ॲपमध्ये तिसऱ्या हप्त्याची रक्कम आधीच १३,५०० वरून १८,००० झालेली. वेगळा पर्यायच नाही, भरायचं तर सगळं एकदम.

मी दिलेल्या पत्राचा गाभा हा :

«मा. मुख्याध्यापक तथा अध्यक्ष, कार्यकारी समिती, शिक्षक-पालक संघ यांस,
विषय : चालू शैक्षणिक वर्षात मध्येच आकारलेले ‘डिजिटल व देखभाल शुल्क’ मागे घेणेबाबत.
महोदया,
वरील शुल्क चालू वर्षासाठी मंजूर होऊन नोटीस बोर्डावर लावलेल्या फीच्या तपशिलात नाही. तरी (१) या शुल्कास कार्यकारी समितीने कोणत्या तारखेच्या सभेत मंजुरी दिली, (२) त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत, आणि (३) व्यवस्थापनाने प्रस्ताव समितीपुढे ठेवल्याची तारीख, ही माहिती १५ दिवसांत लेखी द्यावी. अशी मंजुरी नसल्यास परिपत्रक मागे घ्यावे आणि ज्या पालकांनी रक्कम भरली आहे त्यांना ती परत करावी किंवा पुढील हप्त्यात वळती करावी.
तिसऱ्या हप्त्याची मंजूर रक्कम रु. १३,५०० धनादेशाने सोबत जोडली आहे. फी थकवण्याचा माझा हेतू नाही.»

शेवटची दोन वाक्यं कायद्यापेक्षा व्यवहाराची आहेत, पण माझ्या मते पत्रातला सगळ्यात कामाचा भाग तोच. तुम्ही पूर्ण हप्ता अडवून धरलात की शाळेच्या दफ्तरी तुम्ही ‘थकबाकीदार’ होता आणि फीवाढीचा मुद्दा मागे पडतो. मंजूर रक्कम वेळेत दिली की वाद फक्त वाढीव रकमेचा उरतो.

पत्र मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत संस्थेच्या सचिवांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना. ऑफिसच्या खिडकीत देऊन ओसीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. आमच्याकडे क्लार्क ‘मॅडमना विचारून सांगते’ म्हणाल्या आणि पत्र तसंच परत केलं. मी त्याच दिवशी ते स्पीड पोस्टाने पाठवलं. पत्र खरोखर कचऱ्यात जातं ते पोच न घेतलेलं पत्र, किंवा ॲपच्या चॅटमध्ये टाकलेला मेसेज.

सहीबद्दल थोडक्यात. प्रवेश अर्जावरचं ते वाक्य खरं असलं तरी ‘ठरणारी’ म्हणजे कायद्याने नेमलेल्या वाटेने ठरणारी. पालकाच्या सहीने कायद्यातली मंजुरी रद्द होत नाही. शाळेने ते वाक्य तोंडावर फेकलं तर वाद घालू नका, पत्रातल्या त्याच तीन गोष्टी पुन्हा विचारा.

२५ टक्क्यांचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. २०१८च्या दुरुस्तीनंतर विभागीय शुल्क नियामक समितीकडे फीविरुद्ध जायचं तर किमान २५ टक्के पालक एकत्र लागतात. एकट्या पालकाला तिथे दार बंद आहे, आणि ही अट जाचक आहे असं माझं स्वच्छ मत आहे. सव्वाशे पालकांच्या इयत्तेत बत्तीस सह्या गोळा करून बघा म्हणजे कळेल. पण ती अट त्या समितीपुरती आहे. शाळेला माहिती विचारायला, परिपत्रक मागे घ्या म्हणायला किंवा शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायला ती लागत नाही. आणि सह्या गोळा होतात त्याही कुणाच्या तरी पहिल्या पत्राभोवतीच. माझं पत्र मी ग्रुपवर टाकलं तेव्हा पहिल्या दिवशी तीन अंगठे आले, दुसरं काही नाही. पण शाळेचं लेखी उत्तर आलं आणि ते टाकलं, तेव्हा चार दिवसांत अकरा जणांनी स्वतःच्या नावाने तेच पत्र दिलं.

ते उत्तर वाचण्यासारखं होतं : ‘सदर शुल्कास कार्यकारी समितीच्या सभेत मान्यता घेण्यात आली आहे.’ तारीख पुन्हा गायब. मी आमच्या इयत्तेच्या समिती सदस्य ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘सभा कसली? स्पोर्ट्स डेला मैदानावर एका कागदावर सह्या घेतल्या. हजेरीचा कागद आहे म्हणाले.’ तो कागद मला नंतर ऑफिसात दाखवला गेला. वर नावं आणि सह्या, खाली जागा सोडून वेगळ्या शाईत दोन ओळींचा ठराव. सभेची नोटीस नाही, विषयपत्रिका नाही, प्रस्ताव नाही. समितीतल्या पालकांनो, कोऱ्या जागेच्या वर सही करू नका एवढंच सांगतो. आमच्या ताईंनी दुसऱ्याच दिवशी लेखी दिलं की अशा कोणत्याही सभेला त्या हजर नव्हत्या. शाळेचं बळ तिथे संपलं.

प्रत्येक वेळी असं होईल असं नाही. वाढ आदल्या वर्षी रीतसर मंजूर झालेली असेल आणि तुम्हाला ती उशिरा कळली असेल, तर हे पत्र चालणार नाही, चालायलाही नको. म्हणून पत्राआधी नोटीस बोर्ड बघा, त्याचा फोटो काढा. आम्ही पाहिला तेव्हा तो काचेमागे, गॅदरिंगच्या पोस्टरखाली अर्धा झाकलेला होता.

आणि मुलांची भीती. तिला मी हसणार नाही, रात्री झोप उडवणारी तीच असते. आठवीपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेतून काढता येत नाही, आणि मानसिक त्रास देणं हा त्याच कायद्याच्या कलम १७चा भंग आहे. तरी वर्गातली खोचक वाक्यं कलमांनी थांबत नाहीत. म्हणून पत्रात मुलाचं नाव, इयत्ता विषयाच्या ओळीत नको, खाली सहीपाशी पुरे. एखाद्या शिक्षकाबद्दल एकही शब्द नको. फीचं काहीही मुलाच्या डायरीतून किंवा तोंडून शाळेत पाठवू नका. वर्गात मुलाला फीवरून उभं केलं गेलं, तर त्याच दिवशी तारखेसह वेगळं पत्र, त्याचीही प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. माझ्या मुलीला वर्गशिक्षिकांनी फक्त एकदा विचारलं, ‘बाबा वकील आहेत का गं?’ तिने सांगितलं, बाबा बँकेत आहेत.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ॲप उघडलं तर ‘डिजिटल व देखभाल’ ही ओळ दिसेनाशी झाली होती. परिपत्रक मागे घेतल्याचा कागद कुणालाच मिळाला नाही. ज्यांनी १८,००० भरले होते त्यांच्या चौथ्या हप्त्यातून ४,५०० वजा झाले. ते दिसल्यावर मी ॲपच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ओसीला आणि स्पीड पोस्टाच्या पावतीला जोडून ठेवला, कारण पुढचा प्रस्ताव त्याच समितीपुढे येणार आहे.