टीव्हीची स्क्रीन तपासताना सगळे रंग दाखवा, आणि राखाडीही

“पांढऱ्या स्क्रीनवर एकही खराब ठिपका दिसला नाही, मग बाकीचे रंग कशाला?”

कारण प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन सबपिक्सेल असतात. समजा त्यातला लालच बंद आहे. पांढऱ्यावर तिथे फिकट निळसर-हिरवा ठिपका येतो, जो सोफ्यावरून हमखास सुटतो. लाल स्क्रीन लावली की तोच ठिपका काळाकुट्ट दिसतो, हिरव्या-निळ्यावर मात्र गायब! उलट, कायम पेटून राहिलेला सबपिक्सेल काळ्या स्क्रीनवर सगळ्यात सहज पकडता येतो. ठिपका दिसलाच तर आधी मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसा. धूळ असेल तर निघून जाईल.

एलईडी टीव्हीच्या बॅकलाइटसाठी, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्यांसाठी, मात्र काळ्या स्क्रीनवर विसंबू नका. लोकल डिमिंग, म्हणजे चित्रानुसार हे दिवे भागाभागाने मंद करण्याची सोय, चालू असेल तर टीव्ही पूर्ण काळ्यावर दिवे विझवतो किंवा मंद करतो, आणि दोष झाकला जातो. लोकल डिमिंग बंद करा, खोलीत अंधार करा आणि गडद राखाडी लावा. कोपऱ्यांतले उजळ डाग तिथे उघडे पडतात, तर मध्यम राखाडीवर उभे पट्टे आणि मळकट छटा दिसतात. मोबाईलने काढलेल्या फोटोवर जाऊ नका, अंधारात कॅमेरा डाग फुगवून दाखवतो. कडेला किंचित उजळपणा बहुतेक पॅनेलना असतोच, तेवढ्यावरून टीव्ही परत पाठवण्यात अर्थ नाही.