तीन त्रिक नऊ हजार एक

आमच्या ऑफिसातला ज्युनियर माउसवर जीव लावणारा आहे. कीबोर्डला तो फक्त फाइल सेव्ह करायला हात लावतो. त्याचं ऑटोकॅडमधलं ड्रॉइंग दिसायला सुबक असतं. मग आम्ही डायमेन्शन टाकतो. सेंटर टू सेंटर तीन गाळे, प्रत्येकी ३०००, आणि खाली एकूण लांबी ९००१! साइटवरच्या मुकादमानं हे वाचून फोनवर विचारलं, "साहेब, हा वरचा एक मिलिमीटर कुठं बसवू?"

भानगड अशी की प्रत्येक गाळा खरं तर ३०००.४ होता. डायमेन्शनची प्रिसिजन शून्यावर असल्यानं ऑटोकॅडनं शेपूट कापून ३००० दाखवलं. तिघांची शेपटं मिळून झाली १.२, म्हणून बेरजेत एक उगवला. नजरेनं "बरोबर ३०००" वर क्लिक करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. संशय आला की प्रिसिजन दोन-तीन दशांशांवर न्यावी, सगळी लफडी आपोआप बाहेर पडतात.

तेव्हा त्याला म्हटलं, "बाबा रे, आकडे टाइप कर." ३००० बाय ३६०० ची बेडरूम सांगितली. त्यानं माझ्या मशीनवर बसून रेघेसाठी L दाबलं आणि लिहिलं:

```
0,0
3000,0
0,3600
-3000,0
C
```

पडद्यावर बेडरूमच्या जागी देवळाचं शिखर उभं राहिलं. पाया सहा मीटर, टोक बरोबर मधोमध. "दादा, माझ्या मशीनवर हेच टाकलं की चौकोन येतो, आईशप्पथ!" तो खोटं बोलत नव्हता.

@ नसलेला आकडा म्हणजे मूळबिंदूपासून मोजलेला पत्ता. त्यामुळे `0,3600` हे "इथून ३६०० वर" होत नाही, रेघ तिरकी धावत थेट Y अक्षावर जाते. `-3000,0` तर मूळबिंदूच्याही डावीकडे. आणि पहिली रेघ बरोबर येते, हा खरा दगा! सुरुवातच 0,0 पासून केली की "मुळापासून ३०००" आणि "इथून ३०००" एकच पडतं, चूक कळते ती दुसऱ्या रेघेला. "इथून" म्हणायचं असेल तर पुढे @ हवा: `@3000,0`, `@0,3600`, `@-3000,0`, मग आकृती बंद करायला C.

त्याच्या मशीनवर डायनॅमिक इनपुट चालू होतं, F12 वालं. ते चालू असलं की पहिला बिंदू सोडून पुढचे सगळे ऑटोकॅड मूळ सेटिंगप्रमाणे न सांगताच "इथून" मोजतं. मुळापासून हवं असेल तर उलट # लावायचा. माझं F12 बंद. हात तोच, आकडे तेच, एकाकडे खोली, दुसऱ्याकडे देऊळ. तेव्हापासून मी @ लावतोच, F12 काही का म्हणेना.

मग आला प्लॉट. पुढची बाजू १२ मीटर, उजव्या कोपऱ्यात आतला कोन ८० अंश, तिथून वर ९ मीटर. त्यानं आता मोठ्या विश्वासानं `@12000,0` आणि मग `@9000<80` मारलं. प्लॉट बाहेर कलला आणि शेजाऱ्याच्या जमिनीत घुसला. आमच्याकडे अर्ध्या फुटाच्या बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात, यानं एका एंटरमध्ये वरचा कोपरा तीन मीटरहून जास्त सरकवला. पोलरमधला कोन मागच्या भिंतीपासून मोजत नाहीत. शून्य उजवीकडे, पूर्वेला, आणि मोजणी घड्याळाच्या उलट. म्हणून १८० वजा ८०, `@9000<100`. `<` च्या आधी अंतर, नंतर दिशा.

एवढं झाल्यावर गडी दुसऱ्या टोकाला गेला. त्याच कोपऱ्यापासून पुढची रेघ काढायला ID मारून कोपऱ्याचा आकडा वाचला, `10437.17,8863.27`, आणि टाइप करू लागला. मी हात धरला. खरा X आहे 10437.1664 आणि काही. दोन दशांशांवर तोडून लिहिलं की केसाएवढी फट राहते, आणि पुढे हॅच "बाउंड्री बंद नाही" म्हणून रुसून बसतो. जो बिंदू ड्रॉइंगमध्ये आधीच आहे, तिथं एंडपॉइंट स्नॅप लावून क्लिकच करावं. कितीही टाइप करा, त्याहून अचूक होत नाही. जो बिंदू अजून जन्मालाच आलेला नाही, त्याला मात्र आकडा द्यावा. सरळ भिंतींना तर मी दोन्ही वापरतो: F8 नं ऑर्थो लावायचं, माउस नुसता त्या दिशेला न्यायचा, 3000 लिहून एंटर. त्यात @ पण लागत नाही.

पोरगं आता तयार झालंय. परवा आर्किटेक्टसाहेब मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, "ही भिंत जरा इकडे घे रे."

पोरानं हलवायला M दाबलं, भिंत निवडली, तिच्या कोपऱ्यावर क्लिक केलं, @ टाइप केला आणि वर बघून विचारलं, "जरा म्हणजे किती, सर?"

साहेबांनी अंगठा आणि तर्जनी पडद्याला लावली. "इतकी."

पोरानं मुकाट्यानं @ खोडला आणि माउस हातात घेतला.