फ्रीजरचा ड्रॉवर चिकटला आणि ते पाच मिनिटवालं फॉरवर्ड

"ड्रॉवर बर्फात अडकलाय? उकळतं पाणी ओता, वर मूठभर मीठ टाका, सुरीनं कडेचा बर्फ फोडा आणि जोरात ओढा. पाच मिनिटांत मोकळा!"

काय गा, हे कोण लिहितंय?

आधी पाण्याचं बघू. ड्रॉवरचं काचेसारखं दिसणारं प्लास्टिक बहुतेक पॉलिस्टायरीन असतं, उणे १८ डिग्रीला ते आधीच ठिसूळ झालेलं, त्यावर उकळतं पाणी पडलं की एक भाग फुगतो, शेजारचा थंडच राहतो आणि कोपऱ्यातनं केसासारखी चीर पळते. त्या दिवशी दिसतपण नाही, पुढं कधीतरी भरलेला ड्रॉवर ओढताना कोपरा हातात येतो.

मीठ सोडूनच द्या. एवढ्या थंडीत ते लई हळू चालतं आणि खारं पाणी मागं झिरपून अ‍ॅल्युमिनियम खातं.

सुरी मात्र खरी धोक्याची. बऱ्याच फ्रीजात बर्फाच्या मागंच गॅसच्या नळ्या असतात, आणि हल्लीच्या फ्रीजात गॅस आर ६००ए असतो, म्हणजे पेटणारा. टोक लागून फुस्स आवाज आला तर खिडक्या उघडा आणि कुठल्याच स्विचला, प्लगलासुद्धा, हात लावू नका.

आता ओढण्याचं. आपल्याकडं पावसाळ्यात, खानापूर साईडला तर विचारूच नका, रात्रभर करंट जातो, भुसभुशीत बर्फाचं पाणी होऊन ड्रॉवरच्या तळाखाली उतरतं आणि करंट आला की तिथंच दगडासारखं गोठतं. म्हणजे पकड तळाला आणि मागं, ओढताय पुढनं, मग पुढची पट्टीच तुटणार की!

आमच्या मावशीच्या घरी खालचा, मटारचा ड्रॉवर असाच बसलेला. प्लग काढला, वरचं सामान पिशवीत गुंडाळलं, वरचा ड्रॉवर बाहेर घेतला, खाली जुनं धोतर पसरलं. मग खालच्या ड्रॉवरातल्या मटारवर दुमडलेला टॉवेल आणि त्यावर हात बुडवता येईल एवढ्या कोमट पाण्याचं पातेलं ठेवून दार लावलं, पाणी निवलं की बदललं. पाऊण तासानं पुढच्या कडेखालनं पाणी पाझरायला लागलं, हीच खूण, त्याआधी ओढू नका. मग दोन्ही खालचे कोपरे धरून आधी जरा आत ढकललं, कच्च करून आवाज आला, डावं उजवं हलवत बाहेर.

हेअर ड्रायर चालतो, पण कमी गरम, वीतभर लांब, सतत हलता आणि खाली पाणी साचलं असेल तर नकोच. नो फ्रॉस्टवाल्याच्या मागच्या जाळीत पाणी ओतू नका, आत फॅन असतो.

परत लवकर चिकटला तर दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर तिथनंच दमट हवा आत जातेय.