पंचविशीच्या आत, खिडकीच्या बाहेर

देवगडच्या एसटीत कंडक्टर मशीन घेऊन आला की हिशेब स्पष्ट असतो. पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा फुकट, आई आणि ताई अर्ध्या तिकिटात, आणि शेजारचा चोविशीतला बाप्या पूर्ण. त्याच्यासाठी रेल्वेने विद्यार्थी सवलत ठेवली आहे. सवलत चांगली आहे, फक्त तिच्यापर्यंत पोचायला हवं.

मुंबईत शिकणारा विद्यार्थी गावी जाणार असेल, तर स्लीपरचं मूळ भाडं निम्मं होतं. वयाची अट खुल्या वर्गाला पंचवीस. अनुसूचित जाती-जमातींना सत्तावीस, आणि त्यांना सूट ७५ टक्के. 'निम्मं' हा शब्द मात्र मूळ भाड्यापुरताच. समजा मूळ भाडं ३६० आहे, तर १८० अधिक आरक्षणाचे २०, म्हणजे मांडवीचे २०० होतात. कोकणकन्या सुपरफास्ट, तिचे वर ३०. एसीला सवलत नाही, तत्काळला नाही आणि मोबाइलवरही नाही. कॉलेजने सही-शिक्का मारलेला रेल्वेचा छापील फॉर्म घेऊन आरक्षण खिडकीवरच उभं राहायचं.

खरी गंमत त्या फॉर्मवर आहे. 'कुठून कुठपर्यंत' या रकान्यात कॉलेजचा क्लार्क दाखल्यावरचा पत्ता बघून निष्ठेने 'देवगड' लिहितो. देवगडला बंदर आहे, हापूस आहे, रेल्वे स्टेशन तेवढं नाही! तिथे कणकवली किंवा नांदगाव रोड हवं. मग देवगड खोडून वर कणकवली लिहिलं जातं, आणि खाडाखोडीवर सही नाही म्हणून खिडकीतून फॉर्म परत येतो. तेव्हा स्टेशनचं नाव चिठ्ठीवर लिहूनच क्लार्कला द्यावं, आणि जन्मतारीख ओळखपत्राशी ताडून पाहावी. हे ओळखपत्र प्रवासातही खिशात हवं, टीसी विचारतो.

आता तारखा बघा. २०२६ सालचा गणपती १४ सप्टेंबरला. बारा तारखेच्या गाडीचं बुकिंग साठ दिवस आधी, १४ जुलैला सकाळी आठला उघडणार. म्हणजे फॉर्म तेरा जुलैला हातात पाहिजे. जुलैत कॉलेज नुकतं सुरू झालेलं, नवं ओळखपत्र 'छापायला गेलंय', आणि सहीचे सर प्रवेशाच्या गडबडीत. जूनमध्येच मागे लागलं तर जमतं.

एवढं करून चौदाला तो रांगेत तिसरा. आठ वाजता खिडकी उघडते, आणि त्याच क्षणी मुंबईभरचे चाकरमानी मोबाइलवर बोटं दाबतात. खिडकीवरचा बाबू पहिल्या दोघांना निपटून याचा फॉर्म वाचतो, चष्मा वर करतो, शिक्का निरखतो. फॉर्म बिनचूक असतो. वेटिंग ८३. भाडं मात्र निम्मंच.

वेटिंगवर स्लीपरमध्ये चढता येत नाही. मग बारा तारखेला तो एसटीत असतो, पूर्ण तिकिटात, अर्ध्या तिकिटातल्या ताईची बॅग मांडीवर घेऊन.