ग्राहकाला पाठवण्यायोग्य प्रत

फराळाचे पदार्थ ऑनलाइन विकू पाहणाऱ्या एका ग्राहकासाठी आमच्या कार्यालयातील पाच जणांनी मिळून संकेतस्थळाचा प्रस्ताव गूगल डॉक्समध्ये लिहिला आणि ‘तुमचे शुद्धलेखन चांगले आहे’ एवढ्या एकाच पात्रतेवर तो साफ करून पाठवण्याचे काम माझ्याकडे आले. ग्राहकाला दस्तऐवजाची लिंक हवी होती आणि तीही संपादनाच्या अधिकारासह, कारण ‘आम्हीही त्यात थोडे बदल करू’ असा त्यांचा प्रेमळ निरोप होता.

प्रस्ताव वाचनीय होता; समासातील कमेंट्स त्याहून अधिक. खर्चाच्या 4,80,000 या आकड्याशेजारी आमच्या विक्रीप्रमुखांनी लिहिले होते, ‘3,60,000 पुरेत, पण ते घासाघीस करणारच, म्हणून वाढवून ठेवा.’ त्याखाली लेखापालांनी ‘चालेल’ असे लिहून एक हसरा चेहरा जोडला होता.

मी एकेका कमेंटवरील बरोबरच्या खुणेवर टिचकी मारू लागलो आणि समास प्रसन्नपणे रिकामा होऊ लागला. मात्र ही खूण कमेंट पुसत नाही. पाहुणे येण्याआधी दिवाणखान्यातला पसारा माळ्यावर टाकावा, तशी ती कमेंट ‘सोडवलेल्या’ कमेंट्सच्या यादीत जाऊन बसते आणि तेथून कोणीही संपादक ती पुन्हा उघडू शकतो. शिवाय प्रत्येक खुणेगणिक त्या चर्चेतील मंडळींना ईमेल जाते. त्यामुळे थोड्याच वेळात विक्रीप्रमुखांचा फोन आला, ‘अहो, माझा मुद्दा कोणी मिटवला?’ मी उत्तर देईपर्यंत त्यांनी ती कमेंट पुन्हा उघडून तिच्याखाली ‘हे महत्त्वाचे आहे’ असे लिहिलेही होते.

पुढचा प्रश्न सुचवण्यांचा, म्हणजे हिरव्या-जांभळ्या रंगांत खोडलेल्या आणि घुसडलेल्या मजकुराचा. त्या सर्व एका झटक्यात स्वीकारणारे ‘Accept all’ हे बटण आळशी माणसासाठीच घडवले असावे, परंतु त्याला मजकुराचा अर्थ कळत नाही. ‘आठ आठवड्यांत’ या शब्दांतील ‘आठ’च्या जागी एकाने ‘सहा’ सुचवले होते आणि दुसऱ्याने ‘चार’. दोन्ही स्वीकारले असते, तर काम ‘सहाचार आठवड्यांत’ पूर्ण करण्याचे वचन आम्ही लेखी दिले असते. म्हणून मी एकेक सुचवणी वाचून निकाली काढली आणि चार आठवडे म्हणणाऱ्या सहकाऱ्याला, ते काम त्याने स्वतः करून दाखवावे, असे कळवले.

खरी अडचण मात्र ‘Version history’ची निघाली. ज्याला संपादनाचा अधिकार आहे, त्याला जुन्या आवृत्त्या उघडून 3,60,000चे 4,80,000 कधी झाले आणि कोणी केले, हे नावानिशी पाहता येते. आणि मूळ दस्तऐवज ठेवून केवळ हा इतिहास पुसण्याची सोय गूगलने दिलेलीच नाही. अशा जुन्या मजकुराने मोठमोठ्यांची फजिती केलेली आहे. 2004 मध्ये अमेरिकेत एससीओ या कंपनीने डेमलरक्रायस्लरविरुद्ध केलेल्या दाव्याच्या वर्ड फाइलमध्ये, आधी प्रतिवादी म्हणून बँक ऑफ अमेरिकेचे नाव घातले होते, हे लपलेल्या बदलांतून उघड झाले. त्या वकिलांच्या तुलनेत आमचे विक्रीप्रमुख अगदीच निरुपद्रवी म्हणायचे.

उपाय एकच, तो म्हणजे फाइल मेनूतील ‘Make a copy’. नव्या प्रतीबरोबर जुना इतिहास येत नाही. मात्र त्या चौकटीत ‘Copy comments and suggestions’ या पर्यायाची खूण चुकूनही लावायची नाही, कारण तिच्यासोबत सोडवलेल्या कमेंट्सही नेण्याची सोय असते. ‘Share it with the same people’ हाही पर्याय रिकामाच ठेवावा, नाहीतर विक्रीप्रमुख नव्या प्रतीतही येऊन पोहोचतात. नाव बदलणेही आवश्यक असते, कारण आपोआप मिळालेले ‘Copy of प्रस्ताव फायनल खरंच फायनल 3’ हे नाव ग्राहकाला आपल्या कार्यपद्धतीविषयी फारच माहिती देते.

एवढे करून मी लिंक पाठवणार, तेवढ्यात डावीकडची बंद पट्टी सहज उघडली. तिथे दस्तऐवजाचा ‘आपल्यापुरते’ नावाचा दुसरा टॅब होता! टॅब हा मजकुराचाच भाग असल्याने, तो कमेंट्ससारखा मागे न राहता प्रतीत निमूटपणे चालून आला होता, आणि त्यात ग्राहकाच्या सध्याच्या संकेतस्थळाविषयी आमच्या डिझायनरने मोकळ्या मनाने केलेले विवेचन होते. साहजिकच तो टॅब काढल्यावर नव्या प्रतीच्याही इतिहासात त्याची आठवण शिल्लक राहिली. म्हणून मी साफ झालेल्या प्रतीची आणखी एक प्रत काढली, तिचा इतिहास उघडून पाहिला, आणि मगच लिंक रवाना केली.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाने खर्चाच्या आकड्याशेजारी आपल्याच सहकाऱ्याला उद्देशून पहिली कमेंट टाकली : ‘हे लोक पाचपर्यंत म्हणतील असे वाटले होते. तरी चार म्हणून पाहा.’ आम्हा सगळ्यांना ती दिसत होती. विक्रीप्रमुखांनी ती दोनदा वाचली आणि कोणीही बरोबरच्या खुणेला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली.