आपोआप जाणारी बिले स्पॅममध्ये का पडली: आपल्या अभिप्रायाला आमचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा): "ईआरपी सुरू केल्यापासून आपोआप जाणारी सगळी बिले ग्राहकांच्या स्पॅममध्ये पडली आणि तीन आठवडे कोणाला पत्ता नाही. विचारले तर एकच उत्तर, 'आमच्याकडून मेल गेला आहे.' यांनी सेटिंग सांगितल्यावर तर आमचे नेहमीचे, हाताने पाठवलेले मेलही स्पॅममध्ये जायला लागले. वसुली आमची अडकली, यांचे काही गेले नाही."

सप्रेम नमस्कार.

आपली बिले ग्राहकांपर्यंत वेळेवर पोहोचली नाहीत आणि त्यामुळे आपली वसुली लांबली, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. "आमच्याकडून मेल गेला आहे" हे उत्तर आमच्याच माणसाने दिले होते आणि ते अपुरे होते, हेही मान्य करतो. ईआरपी या बिले व हिशेब सांभाळणाऱ्या प्रणालीच्या पडद्यावर बिलापुढे `Sent` असे दिसते, तेव्हा समोरच्या सर्व्हरने `250` हा आकडा पाठवून मेल ताब्यात घेतला, एवढाच त्याचा अर्थ असतो. जावक नोंदवहीत क्रमांक पडला म्हणून पत्र साहेबांच्या टेबलावर पोहोचले असे होत नाही, तसेच हे आहे. मेल इनबॉक्समध्ये ठेवायचा की स्पॅममध्ये, हे समोरचा सर्व्हर स्वतः ठरवतो आणि तो निर्णय आपल्याला कळवत नाही. आमच्या माणसाने नोंद पाहिली आणि विषय संपला असे समजला. त्याने कोणा एका ग्राहकाकडे पोहोचलेला मेल उघडून पाहायला हवा होता.

परंतु आपल्या अभिप्रायातील एक वाक्य मला फार लागले आहे. "यांनी सेटिंग सांगितल्यावर आमचे नेहमीचे मेलही स्पॅममध्ये जायला लागले" हे वाक्य वाचून कोणालाही वाटेल की आम्ही आपले चांगले चाललेले काम बिघडवले. आमच्यासारख्या लहान व्यवसायाकडे नवे काम येते ते असे अभिप्राय वाचूनच येते. म्हणून नेमके काय घडले ते सविस्तर लिहितो. खालच्या ओळींतील डोमेनचे नाव, सेवेचे नाव आणि आयपी पत्ता मी मुद्दाम बदलले आहेत.

आपले रोजचे मेल एका मेल सेवेच्या सर्व्हरवरून जातात, तर ईआरपीची बिले ईआरपीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून. दोन्हींवर पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र आपल्याच डोमेनचा असतो. मेल घेणारा सर्व्हर त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, एसपीएफची नोंद, म्हणजे त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याची मुभा असलेल्या सर्व्हरांची यादी शोधतो आणि आत्ता दारात उभा असलेला आयपी पत्ता त्या यादीत आहे का, हे तपासतो. आपल्या नोंदीत केवळ मेल सेवेचे नाव होते:

```
v=spf1 include:_spf.mailhost.example ~all
```

यात ईआरपीचा पत्ता नाही. शेवटच्या `~all` चा अर्थ असा की यादीत नसलेल्यांकडे संशयाने पाहावे. बिलांवर डीकिमची डिजिटल सहीही नव्हती. म्हणजे हे बिल खरोखर आपणच पाठवले आहे, असे सांगणारा एकही पुरावा त्याच्यासोबत जात नव्हता. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी किमान एक तरी असावे अशी अट घातली आहे. रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना याहून कडक नियम आहेत, पण ही किमान अट दिवसाला दहा बिले पाठवणाऱ्यालाही चुकत नाही. एरवी बिलाचा मजकूर, आकडा आणि सोबतची फाइल पाहून फसव्या मेलची शंका येतेच, त्यात ओळख पटत नसेल तर मेल स्पॅममध्ये जाणे साहजिक आहे.

हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. ईआरपी सुरू झाली त्याच दिवशी आम्ही आपल्याला दोन पानी पत्र पाठवले आणि डीएनएसमध्ये करायचे दोन बदल त्यात लिहिले. आपल्या डोमेनचे खाते आपल्या नावावर आहे, त्याचा पासवर्ड आमच्याकडे नाही आणि तो नसणेच योग्य आहे. त्यामुळे तो बदल आम्हाला स्वतः करता येत नव्हता. सहाव्या दिवशी आम्ही स्मरणपत्र पाठवले. अकराव्या दिवशी फोन केला, तेव्हा पासवर्ड आपली वेबसाइट करून दिलेल्या गृहस्थांकडे असल्याचे कळले. प्रत्यक्ष बदल झाला तो १९व्या दिवशी संध्याकाळी. आपण म्हणता त्या तीन आठवड्यांतील १८ दिवस आम्ही एका ओळीची वाट पाहत होतो. हे मी आपल्याला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही, आपल्या धावपळीची मला कल्पना आहे. पण "कोणाला पत्ता नाही" हे आमच्या बाबतीत खरे नाही.

आता त्या बदलाविषयी. पत्रात आम्ही लिहिले होते की आधीची ओळ कायम ठेवून तिच्यातच ईआरपीचा पत्ता घालावा. प्रत्यक्षात जुनी ओळ तशीच राहिली आणि तिच्याखाली ही दुसरी ओळ नव्याने भरली गेली:

```
v=spf1 ip4:192.0.2.25 ~all
```

पाहणाऱ्याला यात काहीच वावगे वाटत नाही. एक ओळ मेल सेवेची, एक ईआरपीची, दोघांचीही सोय झाली असेच वाटते. परंतु एसपीएफचा नियम असा आहे की एका डोमेनला `v=spf1` ने सुरू होणारी एकच नोंद असावी. दोन सापडल्या तर सर्व्हर त्या जोडून वाचत नाही आणि त्यांतली एक निवडतही नाही. नोंदच सदोष आहे असे ठरवून तो `permerror` देतो आणि मग कोणाचाच आयपी पत्ता वैध ठरत नाही. त्या संध्याकाळपर्यंत आपल्या मेल सेवेला जी ओळख मिळत होती, तीही त्यामुळे गेली. मेल सेवेची डीकिमची सही आपल्या डोमेनवर कधी सुरूच केलेली नव्हती, म्हणून सावरून धरायलाही दुसरे काही नव्हते. २०व्या दिवशी सकाळी आपल्या विक्री विभागाने हाताने पाठवलेले दरपत्रक स्पॅममध्ये गेले ते या कारणाने.

हे मी अंदाजाने सांगत नाही. त्या दरपत्रकाचा मेल आपल्या ग्राहकाने कृपा करून उघडून दाखवला. जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडील तीन ठिपक्यांत `Show original` हा पर्याय असतो, त्यातून मेलचे मूळ हेडर दिसते. त्यात असे होते:

```
Authentication-Results: mx.example.net;
  spf=permerror smtp.mailfrom=example.com;
  dkim=none
```

आमच्या तंत्रज्ञाला हे वाचायला पाच मिनिटेही लागली नाहीत. २१व्या दिवशी दुपारी आपल्या वेबसाइटच्या गृहस्थांना फोनवर सोबत घेऊन आम्ही दोन्ही ओळींची एक ओळ करून घेतली:

```
v=spf1 include:_spf.mailhost.example ip4:192.0.2.25 ~all
```

आपल्या नोंदीचा टीटीएल ३६०० सेकंदांचा होता, म्हणजे जुने उत्तर लक्षात ठेवलेले सर्व्हर तासाभराने नवी ओळ विचारणार होते. आम्ही तेवढा वेळ थांबलो आणि मग एक नेहमीचा मेल व एक बिल, असे दोन्ही बाहेरच्या पत्त्यावर पाठवून पाहिले. दोन्हींच्या हेडरमध्ये `spf=pass` दिसले आणि दोन्ही इनबॉक्समध्ये पोहोचले. त्या हेडरच्या प्रती त्याच दिवशी आपल्या लेखा विभागाला पाठवल्या आहेत. अभिप्राय त्यानंतर दोन दिवसांनी आला आणि त्यात या दुरुस्तीचा एका शब्दानेही उल्लेख नाही, याचे वाईट वाटते.

आमच्या चुकाही मी झाकून ठेवत नाही. पत्र दोन पानांचे होते आणि जुन्या ओळीत भर घालण्याची सूचना दुसऱ्या पानावर होती, तर पहिल्या पानावर `ip4:192.0.2.25` हा तुकडा एकटाच छापलेला होता. घाईत असलेल्या माणसाने त्याचीच नवी नोंद केली, तर सगळा दोष त्याला देता येणार नाही. पूर्ण तयार झालेली ओळ देऊन "जुनी काढून ही ठेवा" एवढेच लिहायला हवे होते. दुसरी चूक याहून मोठी आहे. सुरुवातीच्या चाचणीत आम्ही चार बिले पाठवली, ती चारही आपल्या आणि आमच्या कार्यालयांतील पत्त्यांवर. तिथे आधीपासून पत्रव्यवहार होता, म्हणून ती इनबॉक्समध्ये दिसली आणि आम्ही निश्चिंत झालो. आपल्याशी कधीच संबंध न आलेल्या पत्त्यावर एक बिल पाठवले असते, तर दोष पहिल्याच दिवशी समोर आला असता. आणि डीएनएसची ओळ आलेली नसताना आपोआप मेल सुरू करायलाच नको होते. त्या दिवशी आपल्याला बिले लगेच जायला हवी होती हे खरे, पण थांबा असे सांगणे आमचे काम होते. यापुढे डीएनएस तपासल्याखेरीज आपोआप मेल सुरू न करण्याबाबत आम्ही आमच्या पद्धतीत आवश्यक ते बदल करत आहोत.

एक गोष्ट अजून राहिली आहे आणि ती आपल्या हिताची आहे. एसपीएफ दुरुस्त झाले, पण आपल्या काही ग्राहकांकडे बिल एका पत्त्यावर येते आणि तिथून आपोआप त्यांच्या हिशेबनिसाकडे पुढे पाठवले जाते. अशा वेळी शेवटच्या सर्व्हरला दारात त्या मधल्या सर्व्हरचा आयपी दिसतो, तो आपल्या यादीत नसतो आणि एसपीएफ पुन्हा नापास होते. डीकिमची सही मेलच्या आतच असते, म्हणून वाटेत मजकुरात फेरफार झाला नाही तर ती पुढेही टिकते. ईआरपीच्या बाजूने सही तयार आहे. `erp1._domainkey` या नावाने तिची सार्वजनिक किल्ली आपल्या डीएनएसमध्ये भरायची बाकी आहे. मागच्या वेळी भरताना ती अर्धवट कापली गेली, कारण २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही आणि आपल्या पॅनेलमध्ये ती अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून द्यावी लागते. ती पूर्ण होईपर्यंत आम्ही सही बंद ठेवली आहे. तिचे दोन्ही तुकडे जसेच्या तसे चिकटवता येतील अशा रीतीने काल आपल्याला पुन्हा पाठवले आहेत.

वेबसाइटच्या गृहस्थांची सवडीची वेळ आपण कळवावी, त्या वेळी मी स्वतः फोनवर असेन आणि या कामाचा वेगळा आकार लावला जाणार नाही. `dkim=pass` दिसल्यावर ते हेडर आपल्याला पाठवीन. त्यानंतर आपल्याला योग्य वाटले, तर त्या १९व्या दिवसाविषयीची एक ओळ आपल्या अभिप्रायाखाली जोडावी, एवढी नम्र विनंती आहे.

आपला नम्र,
संचालक